विठ्ठलाला रागावणारा अभंग (संत जनाबाई)

संत जनाबाई यांच्या नावावर असलेल्या एका चार कडव्यांच्या अभंगात विठ्ठलाला उघड शिव्या दिलेल्या आहेत. वारकरी परंपरेत हा अभंग निंदा म्हणून नव्हे, तर भक्तीचा एक प्रकार म्हणून स्वीकारला गेला आणि गाथांच्या छापील आवृत्त्यांतही त्याला स्थान मिळाले. देवाशी भांडणाऱ्या अशा रचनांना अभ्यासक 'प्रेमकलह' किंवा 'निंदास्तुती' म्हणतात. या लेखात अभंगाचा आशय, त्यातील शिव्यांचे स्वरूप आणि तक्रार हे जवळिकीचे लक्षण कोणत्या आधारावर मानता येते याचे विवेचन केले आहे. तसे वाचन कोठे अपुरे पडते, हेही शेवटी दाखवले आहे.

## पार्श्वभूमी

परंपरेनुसार जनाबाईंचे जन्मगाव आजच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेड होय. लहानपणीच त्या पंढरपुरात दामाशेटी यांच्या घरी आल्या आणि तेथेच दासी म्हणून राहिल्या. दामाशेटी हे संत नामदेव (१२७०–१३५०) यांचे वडील. जनाबाईंचे निधनही १३५० सालीच झाले असे परंपरा मानते. आपल्या अभंगांच्या शेवटी त्या स्वतःचा उल्लेख नामदेवांची दासी किंवा नुसती जनी असा करतात.

त्यांच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आढळतात. ते नामदेवांच्या गाथेसोबत आणि पुढे 'सकल संत गाथे'त छापले गेले. त्यांच्या हातचे किंवा त्यांच्या काळातले हस्तलिखित उपलब्ध नाही. हे अभंग प्रथम गायले गेले, पाठ केले गेले आणि नंतर वह्यांत उतरवले गेले. त्यामुळे कोणत्याही एका अभंगाविषयी 'जनाबाईंचा' असे म्हणताना 'जनाबाईंच्या नावाने परंपरेने जपलेला' असाच अर्थ घ्यावा लागतो. प्रस्तुत अभंगही याला अपवाद नाही.

जनाबाईंच्या इतर अभंगांत विठ्ठल हा घरकामात हातभार लावणारा सोबती आहे. तो जात्यावर दळू लागतो, शेण्या वेचतो, केर काढतो, तिची वेणीफणी करतो. अठराव्या शतकात महिपती यांनी 'भक्तविजय' (१७६२) या ग्रंथात या कथांना विस्ताराने आख्यानरूप दिले. शिव्यांचा अभंग वाचण्याआधी ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ज्याच्याबरोबर रोज जाते ओढले, त्याच्यावर ओरडण्याचा प्रसंगही त्याच घरात येतो. सिंहासनावर बसलेल्या आणि वर्षातून एकदा दर्शन देणाऱ्या देवाशी असे बोलणे संभवत नाही.

## अभंगाचा आशय

रचनेच्या दृष्टीने हा लहान अभंग आहे. प्रत्येक कडव्यात दोनच चरण असून त्यांचे अंत्य यमक जुळते. असे आखूड, खटकेबाज चरण भांडणाच्या बोलण्याला सोयीचे ठरतात. एक वाक्य संपते न संपते तोच दुसरे येते.

पहिल्या कडव्यात देवाला नाव तोडून, तुच्छतादर्शक वळणाने दोनदा हाक मारली आहे. लगेच त्याच्या आईचा उद्धार करून त्याला तिचे वाया गेलेले पोर ठरवले आहे. ही आई म्हणजे मूळमाया. दुसऱ्या कडव्यात त्याची बायको विधवा झाल्याचे सांगितले आहे आणि त्यासाठी बोलीतला सर्वांत उग्र शब्द वापरला आहे. परंतु त्याच कडव्याच्या उत्तरार्धात तिने जन्मभराच्या सौभाग्याचा चुडा भरल्याचे म्हटले आहे. तिसऱ्या कडव्यात देवाचे मढे गेल्याची शिवी आहे आणि पाठोपाठ, त्याला पाहून काळच रडतो असे विधान आहे. चौथ्या कडव्यात बोलणारी स्वतःची ओळख देते: अंगणात उभी राहून शिव्या देणारी ही दासी जनी आहे.

यात कोणतेही कारण दिलेले नाही. देवाने काय केले, तो कोठे गेला होता, कोणते काम राहिले, यांपैकी काहीही अभंग सांगत नाही. तक्रारीचा विषय मोकळा ठेवलेला असल्याने सर्व भार बोलण्याच्या रीतीवर पडतो. त्यामुळे वाचकालाही ही रीतच तपासावी लागते.

## शिव्यांचे वाचन

### हाक

मराठीत माणसाचे नाव तोडून त्याला शेवटी 'या' लावण्याची जुनी रीत आहे. गोविंदाचा गोंद्या होतो, पांडुरंगाचा पांड्या. हे रूप दोन ठिकाणी ऐकू येते. मालक गड्याला असे हाकारतो आणि आई लेकरालाही. पहिल्या ठिकाणी ते हलके लेखणारे असते, दुसऱ्या ठिकाणी मायेचे. शब्द तोच, अर्थ नात्यावरून ठरतो. विठ्ठलाचे 'विठ्या' झाले म्हणजे नेमके काय झाले, हे केवळ त्या शब्दावरून ठरवता येत नाही.

येथे आणखी एक गोष्ट घडते. 'जनी' हे नावही आदरार्थी नाही. घरच्या दासीला हाक मारायची ती अशीच. जिला आयुष्यभर अशा तोडलेल्या नावाने बोलावले गेले, ती तेच वळण उलटवून देवाच्या नावाला लावते. घरात, गल्लीत किंवा देवळात दुसऱ्या कोणालाही ती या रीतीने हाक मारू शकली नसती. जिच्याकडून सर्वांचे ऐकून घेण्याची अपेक्षा आहे, तिला ऐकवण्याची मोकळीक असलेला एकच जण आहे. या अभंगातील जवळीक प्रथम येथे दिसते.

### वैधव्य आणि चुडा

दुसऱ्या कडव्यातील विसंगती सहज लक्षात येते. जी विधवा झाली तिने अखंड सौभाग्याचा चुडा कसा भरला? पारंपरिक समजुतीप्रमाणे वैधव्यात प्रथम बांगड्या फुटतात. म्हणजे पहिल्या चरणातला शाप दुसऱ्या चरणातच रद्द होतो. रुक्मिणीचा पती मरणारा नाही, हे बोलणारीला ठाऊक आहे. तिने मुद्दाम असा शाप निवडला आहे की जो लागू पडणे शक्य नाही.

संस्कृत साहित्यशास्त्रात अशा बोलण्याला व्याजस्तुती म्हणतात. वरवर निंदा आणि आतून स्तुती, किंवा याच्या उलट, असे तिचे दोन प्रकार आहेत. मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या ग्रंथात ती अलंकार म्हणून आली आहे. या कडव्याला ही संज्ञा लागू होते, कारण शिवीच्या पोटात देवाच्या अविनाशी असण्याची कबुली आहे. काही वाचक याचा अध्यात्मपर अर्थही लावतात. त्यांच्या मते देवाचे खरे स्वरूप कळले की मायेचा त्याच्यावरचा हक्क संपतो, म्हणून ती विधवा. आणि जी भक्ती त्याच्याशी जोडली जाते ती कायमची सवाष्ण.

### मढे आणि काळ

तिसऱ्या कडव्यात हीच रीत अधिक धीट होते. मढे, मुडदा, मेल्या हे शब्द बायकांच्या भांडणात असतात, तसेच लाडाच्या रागावण्यातही असतात. उशिरा घरी आलेल्या मुलाला आजी 'मेल्या, होतास कुठे?' असे विचारते, तेव्हा त्याच्या मरणाची कल्पनाही तिला सोसणारी नसते. काळजीने धास्तावलेले मन नको असलेलाच शब्द पुढे करते.

देवाच्या बाबतीत या शिवीला आणखी एक पदर आहे. मढे नेण्यासाठी यावे लागते काळाला, आणि येथे तो काळच रडत बसला आहे. ज्याच्यापुढे मृत्यू हतबल होतो त्यालाच मृत्यूची शिवी दिली आहे. अशा प्रकारे पहिल्या कडव्यात मूळमाया, दुसऱ्यात अखंड सौभाग्य आणि तिसऱ्यात काळावरची सत्ता अशी तत्त्वज्ञानातील तीन विधाने शिव्यांच्या आड येऊन बसतात. एखाद्या स्तोत्रात हीच तीन विधाने आदराने आली असती.

### अंगण आणि नाममुद्रा

अभंगाच्या अखेरीस कवीचे नाव येते, त्याला नाममुद्रा म्हणतात. सामान्यतः ती नम्रतेची जागा असते. येथे मात्र शिव्या कोणी दिल्या याची ती जाहीर नोंद बनते. निनावी शिवीगाळ करून बोलणारी पळून गेलेली नाही. ती आपले नाव सांगते आणि त्या नावाआधी 'दासी' हा शब्दही ठेवते. चार कडव्यांत देवाला इतके बोलूनही तिने आपले दासीपण सोडलेले नाही. नाते तुटले असते तर हा शब्द प्रथम गळाला असता.

स्थळही महत्त्वाचे आहे. ती गाभाऱ्यात नाही, घराच्या आतही नाही, अंगणात आहे. अंगण हे घराचेच, पण शेजारच्यांना दिसणारे आणि ऐकू जाणारे ठिकाण. लपवून ठेवायचे असते तर आत कुजबुजले असते. परक्याशी भांडायचे असते तर वेशीवर किंवा चावडीत गेले असते. अंगणातले भांडण घरच्याच माणसाशी असते आणि ते चारचौघांत करण्याचा हक्क बोलणाऱ्याला वाटत असतो.

## निंदा आणि गाऱ्हाणे यांतील फरक

हा अभंग निंदा का ठरत नाही, हे समजण्यासाठी निंदेचे एक साधे लक्षण पाहावे. निंदा बहुधा पाठीमागे होते. तिच्यात ज्याच्याविषयी बोलायचे तो 'तो' असतो आणि ऐकणारा तिसराच कोणी. गाऱ्हाण्यात मात्र ज्याच्याविषयी तक्रार त्यालाच ती सांगितलेली असते. जनाबाईंच्या अभंगात शिव्या 'तू'ला दिल्या आहेत. बोलणारीने देवाला समोर उभे केले आहे, त्याला ऐकू जाते असे धरले आहे. देव नाहीच असे मानणाऱ्याला किंवा ज्याला देवाशी काही देणेघेणे उरले नाही त्याला असे बोलण्याचे कारण पडत नाही.

तुलनेसाठी शिशुपालाचे उदाहरण उपयोगी आहे. महाभारताच्या सभापर्वात राजसूय यज्ञप्रसंगी श्रीकृष्णाला अग्रपूजेचा मान दिला गेला, तेव्हा शिशुपालाने त्याची कठोर निंदा केली. शब्दांचा कडवटपणा तेथेही आहे. परंतु शिशुपालाचे म्हणणे असे, की या माणसाला येथे मान मिळू नये. त्याला कृष्णाशी नाते नको आहे, कृष्णाची जागाच नाकारायची आहे. जनाबाईंच्या रागात देवाची जागा कोठेही नाकारलेली नाही. तो हवा आहे म्हणूनच राग आहे. भागवत पुराणाच्या सातव्या स्कंधात, वैराने का होईना पण सतत कृष्णाचेच चिंतन केल्यामुळे शिशुपालाला गती मिळाली असे सांगितले आहे. त्याला विरोधभक्ती म्हणतात. जनाबाईंचे भांडण मात्र या प्रकारात बसत नाही, कारण त्यात विरोध नाही, हट्ट आहे.

भक्तिशास्त्रातही अशा रागाला जागा आहे. नारदभक्तिसूत्रांत काम, क्रोध आणि अभिमान यांचे विषयही ईश्वरालाच करावे असे सांगितले आहे. म्हणजे भक्ताने राग टाकून द्यावा असे नव्हे; तो योग्य ठिकाणी न्यावा. पंढरपूरच्या स्थलकथेत तर खुद्द रुक्मिणी रुसून दिंडीरवनात येऊन बसली आणि तिला शोधत देव तेथे आला असे मानतात. तिचे मंदिर आजही विठ्ठलाच्या मंदिरापासून वेगळे आहे. ज्या क्षेत्राची कथाच रुसव्याने सुरू होते, तेथील दासीने देवाला रागावणे परंपरेला खटकले नाही, यात नवल नाही.

## नामदेवांच्या घरातील इतर भांडणे

जनाबाईंचा अभंग एकटा नाही. नामदेवांच्या गाथेत त्यांची आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या तोंडचे अभंगही आहेत. गोणाई विठ्ठलाला दोष देते की त्याने तिचा मुलगा तिच्यापासून हिरावून घेतला. राजाईचे गाऱ्हाणे संसाराचे आहे: नवरा देवळात रमला, घरात काही उरले नाही. ती हे गाऱ्हाणे रखुमाईपुढे मांडते, कारण नवऱ्याविषयीचे दुःख बायकोलाच कळेल.

या तिघींची भांडणे शेजारी ठेवली की फरक दिसतो. गोणाई आणि राजाई यांना देवाने काहीतरी हिरावून घेतले आहे. देव त्यांच्या दृष्टीने घरात शिरलेला दुसरा दावेदार आहे. जनाबाईंकडे हिरावून घेण्यासारखे काही नाही. त्यांचा मुलगा नाही, नवरा नाही, घरही दुसऱ्याचे. त्यामुळे त्यांचे भांडण कशासाठी नसून कोणाशी आहे एवढेच महत्त्वाचे ठरते. अभंगात कारण का नाही, याचे एक उत्तर येथे मिळते.

## तुकारामांच्या तक्रारी

सतराव्या शतकात संत तुकाराम यांनी देवाशी भांडणाचा हा प्रकार सर्वांत विस्ताराने हाताळला. त्यांच्या घरी दुकानदारी आणि सावकारी होती. त्यामुळे त्यांच्या तक्रारीची भाषा अंगणाची नसून पेढीची आहे. देव हा त्यांच्या दृष्टीने ऋणको आहे. भक्तांचे देणे त्याने बुडवले आहे आणि आता तोंड चुकवत आहे. भक्तांमुळेच तुला रूप आणि नाव मिळाले, असेही ते देवाला सुनावतात. एका अभंगात तर आपल्यापुरता देव मेल्याचेच ते जाहीर करतात.

येथे तक्रार आणि जवळीक यांचे नाते वेगळ्या रीतीने दिसते. कर्जदाराच्या दारात जाऊन बसणारा सावकार त्याला सोडून गेलेला नसतो. देणे मागणे म्हणजे हिशेब अजून उघडा आहे असे मानणे. इंद्रायणीत वह्या बुडवल्यानंतर तुकारामांनी तेरा दिवस धरणे धरले अशी परंपरा आहे. धरणे हा त्या काळी देणे वसूल करण्याचा रूढ उपाय होता. ज्याच्या दारात धरणे धरायचे त्याला लाज आहे आणि तो अखेर दार उघडेल, या विश्वासावरच तो उपाय चालतो.

## इतर भाषांतील समान रचना

तमिळ शैव परंपरेतील सुंदरर यांची कथा प्रसिद्ध आहे. त्यांच्या लग्नाच्या दिवशी एक म्हातारा आला आणि हा तरुण आपला वंशपरंपरागत दास असल्याचा दावा करू लागला. सुंदररांनी त्याला वेडा ठरवले. तो म्हातारा स्वतः शिव होता. पुढे शिवाने त्यांना त्याच शब्दापासून गाणे सुरू करण्यास सांगितले आणि कठोर बोलणारा भक्त या अर्थाचे नाव त्यांना मिळाले. येथे शिवी हीच स्तोत्राचा आरंभ बनली.

तेलुगूत भद्राचलम् येथील कंचर्ल गोपन्ना, म्हणजेच रामदासू, यांची रचना अशीच आहे. सतराव्या शतकात महसुलाचा पैसा राममंदिरावर खर्च केल्याबद्दल त्यांना गोवळकोंड्याच्या कैदेत पडावे लागले. कैदेतील त्यांच्या गाण्यात रामासाठी कोणता दागिना केला आणि त्याला किती मोहरा लागल्या याचा हिशेब आहे. हे सगळे कोणाच्या जिवावर मिरवतोस, असा त्यांचा रोख आहे. मात्र गाण्याच्या अखेरीस ते नरमतात. मार सोसवला नाही म्हणून बोललो, रागावू नकोस, अशी ते विनवणी करतात. जनाबाईंच्या अभंगात अशी क्षमायाचना नाही. शेवटच्या चरणातही त्या शिव्याच देत उभ्या आहेत. सलगीची खात्री कोणाला अधिक होती, हे या तुलनेतून वाचकाला पाहता येते.

## या वाचनाच्या मर्यादा

देवाला केलेली प्रत्येक तक्रार प्रेमाची खूण समजणे योग्य नाही. याचे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण संत चोखामेळा आणि त्यांच्या कुटुंबाचे आहे. चोखामेळा महार जातीचे होते. परंपरेनुसार त्यांचा जन्म वऱ्हाडातील मेहुणा राजा (बुलढाणा जिल्हा) येथे झाला आणि १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करीत असताना ते कोसळून त्यांचा मृत्यू झाला. त्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीही महाद्वारासमोर, नामदेवांच्या पायरीजवळ, मंदिराबाहेर आहे. बडव्यांनी मारहाण केल्यावर देवाला धावून येण्याची विनवणी करणारा त्यांचा अभंग प्रसिद्ध आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा याने तर देवालाच जाब विचारला आहे: आम्हांला हीन जन्माला घातलेस, उष्टे खायला लावलेस, मग तुझ्या थोरपणाचे आम्ही काय करावे?

या अभंगांतही देवाला 'तू' म्हटले आहे आणि सलगीही आहे. परंतु तक्रारीचा विषय नात्याच्या आत संपत नाही. कर्ममेळा ज्याची फिर्याद मांडतो तो रुसवा नसून अन्याय आहे. तो देवाने नव्हे तर माणसांनी केलेला आहे. अशा ठिकाणी 'किती हे गोड भांडण' असे म्हणून वाचक पुढे गेला, तर ज्याने मार खाल्ला त्याचे म्हणणे ऐकलेच जात नाही. पंढरपूरच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. चोखामेळा यांच्या निधनानंतर सहाशे नऊ वर्षांनी ते दार उघडले. या तक्रारीचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणाची होती, हे त्यावरून स्पष्ट होते.

वाचकाला हा फरक ओळखण्यासाठी एक प्रश्न पुरतो. देव समोर आला, त्याने नुसते जवळ घेतले, तर ही तक्रार मिटेल का? जनाबाईंच्या शिव्यांच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे. तो यावा एवढेच तिला हवे आहे. तुकारामांच्या बाबतीतही भेट झाली की हिशेब फिटतो. कर्ममेळाच्या बाबतीत भेट पुरेशी नाही. देवाने जवळ घेतले तरी महाद्वार बंदच राहते.

तरीही जनाबाईंचा अभंग पूर्णपणे पहिल्या गटात टाकून मोकळे होता येत नाही. तिला विठ्ठलाखेरीज दुसऱ्या कोणालाही रागावता आले नसते, ही गोष्ट जवळिकीची आहे तशीच तिच्या दासीपणाचीही आहे. ज्या घरात ती राबत होती, त्या घरातील माणसांविषयीचा राग तिने कधी बोलून दाखवला असेल तर तो गाथेत उरलेला नाही. अंगणातल्या शिव्या ज्याच्या नावावर टिकल्या, तो एकटा विठ्ठल.

## पाठभेद आणि वापर

मौखिक परंपरेमुळे या अभंगाच्या शब्दांत छापील आवृत्त्यांमध्ये किरकोळ फरक आढळतात. विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी वापरताना कोणत्या आवृत्तीचा पाठ घेतला हे नमूद करावे. वैधव्याचा आणि मढ्याचा उल्लेख सौम्य करून सांगितलेला अर्थ वाचायला मिळाला, तर मूळ पाठाशी तो ताडून पाहावा. शब्द सौम्य केले की दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यातील विसंगती नाहीशी होते. चुडा असलेली विधवा आणि रडणारा काळ दिसेनासे झाले की शिवीच्या आत दडलेली स्तुतीही हरवते. उरते ते केवळ एका दासीचे त्रासिक बोलणे.